अरेका पामची टोकं करपतात तेव्हा: आधी काय तपासायचं, शेवटी काय

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत आणि वाशी-खारघरच्या नातेवाइकांकडे मिळून तीसेक घरांतली अरेकाची झाडं मी गेल्या सात-आठ वर्षांत बघितली असतील. तक्रार दर वेळी एकच असते, ‘पानं तपकिरी पडतायत’. उपायही बहुतेकांनी तोच केलेला असतो, पाणी वाढवलेलं आणि स्प्रे सुरू केलेला. निम्म्याहून जास्त वेळा त्यानं काही होत नाही, कधीकधी झाड आणखी बिघडतं. कोरडी हवा, पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड, चुकीचा उजेड, कोंदलेली मुळं या चारही कारणांनी पान तपकिरीच पडतं. रंगावरून कारण कळत नाही. तपकिरी भाग झाडावर नेमका कुठे आहे, त्यावरून कळतं.

लक्षणं: झाडासमोर पाच मिनिटं बसून बघा

आधी एक झावळी हातात धरून निरखा. झावळी म्हणजे देठासकट अख्खं पान आणि तिच्या दोन्ही बाजूंना असतात त्या पाती. झाडाच्या मध्यातून वर येणारी, अजून न उघडलेली टोकदार झावळी असते, तिला मी सुई म्हणते. पुढे सगळीकडे हेच शब्द वापरलेत.

सगळ्या झावळ्यांवर, जुन्या आणि नव्या, पातींची फक्त टोकं अर्धा-एक इंच वाळली असतील आणि बाकी पाती हिरवीगार असेल, तर संशय हवा आणि पाणी या दोघांवर. टोक करडं-तपकिरी, कुरकुरीत असतं. कधी हिरव्या आणि तपकिरी भागाच्या मध्ये पिवळी बारीक रेघ दिसते.

खिडकीकडच्या बाजूच्याच झावळ्यांवर मधोमध पांढुरके, नंतर तपकिरी होणारे डाग असतील आणि भिंतीकडची बाजू ठीक असेल, तर ते ऊन आहे.

सर्वांत खालच्या, जुन्या झावळ्या एकामागून एक पिवळ्या पडून वाळत असतील आणि वरच्या ठीक असतील, तर उजेड कमी आहे, मुळं कोंदली आहेत किंवा पोटॅश कमी पडतंय. दोन-तीन महिन्यांत एखादी खालची झावळी वाळणं मात्र स्वाभाविक आहे. ती म्हातारी झालेली असते, तिच्यासाठी काही करू नका.

खालच्या झावळ्या उजेडासमोर धरल्यावर पिवळे-नारिंगी, आरपार दिसणारे बारीक ठिपके दिसले तर पोटॅशची कमतरता धरा. अशी झावळी कापायची घाई करू नये. झाड तिच्यातलंच पोटॅश काढून नव्या पानाला देत असतं. ती कापली की पुढची झावळी तशीच ठिपकेदार होते.

आणि सुईच तपकिरी पडली असेल, ओढल्यावर सहज हातात येत असेल, तर पुढचं काही वाचू नका. थेट शेवटच्या भागाकडे जा.

टोकंच का करपतात

हे एकदा समजलं की पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळतं. आमच्या इमारतीत पाण्याच्या लाइनच्या टोकाला असलेल्या फ्लॅटमध्ये दोन तक्रारी कायम येतात. दाब कमी झाला की पाणी आधी त्यांचं जातं, आणि लाइनमधला गाळही त्यांच्याच नळात येऊन साचतो. पातीचं टोक म्हणजे झाडाच्या पाणीपुरवठ्यातलं तसं शेवटचं घर.

हवा कोरडी असली की पानातून पाणी भराभर उडतं, मुळांकडून तेवढ्या वेगानं पोचत नाही, आणि टंचाई पहिली टोकाला जाणवते. क्षार आणि फ्लोराइड यांचं उलटं. ते पाण्याबरोबर टोकापर्यंत येतात, पाणी वाफ होऊन जातं आणि ते तिथेच राहतात. पानात पोचलेलं फ्लोराइड झाड परत दुसरीकडे नेऊ शकत नाही, म्हणून ते साचत जातं आणि टोकाच्या पेशी मरतात. यातून एक गोष्ट ओघानं आली: हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त ओढलं जातं आणि तितके क्षारही जास्त साचतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही कारणं एकत्र येतात आणि लोक फक्त हवेला दोष देऊन मोकळे होतात.

कोंदलेली मुळं म्हणजे पंपच अशक्त होणं. तिथेही पहिली झळ टोकाला.

करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही, कोणत्याही उपायानं. म्हणून सुधारणा जुन्या पानांवर शोधायची नाही. आज जी सुई दिसतेय तिच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधून ठेवा आणि ती उघडल्यावर तिची टोकं बघा. उपाय लागू पडला की नाही हे तीच सांगते. घरातलं अरेका सावकाश वाढतं, पण एका कुंडीत बरेच बुंधे असल्यामुळे कोणती ना कोणती सुई महिन्या-दीड महिन्यात उघडतेच.

पहिली तपासणी: जागा आणि हवा (खर्च शून्य)

समोरच्या विंगमधल्या मावशींचं झाड उदाहरण म्हणून घेते, कारण त्यात चारांपैकी तीन कारणं एकाच कुंडीत होती. साडेचार फूट उंच, १२ इंची कुंडी, दिवाणखान्यात एसीच्या बरोबर खाली. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी मला बोलावलं. ‘अगं, दिवसातून दोनदा स्प्रे करते, तरी रोज एक टोक जास्तच वाळतंय,’ म्हणाल्या.

ठाण्याची हवा कोरडी असते हे कोणाला पटत नाही. खाडी जवळ, पावसाळ्यात कपडे चार दिवस वाळत नाहीत. पण जानेवारी-फेब्रुवारीत जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून वारा आला की दुपारी हवा चांगलीच कोरडी होते. त्यात एसी खोलीतली हवा आणखी कोरडी करतो, कारण हवा थंड करताना तो तिच्यातलं पाणी काढून घेतो. बाहेरच्या पाइपमधून ठिबकतं ते तेच पाणी. मी तीनेकशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घेऊन ठेवलंय. मावशींच्या झाडापाशी दुपारी एसी चालू असताना ते ३४ टक्के दाखवत होतं. त्याच दिवशी सकाळी, एसी बंद असताना, खिडकीपाशी ५८. अरेका मूळचं मादागास्करच्या दमट भागातलं. ५० टक्क्यांच्या वर ते खूश असतं, ४० च्या खाली बरेच दिवस राहिलं की टोकं जातात.

यंत्र नसेल तर एक साधा पुरावा पुरतो. एसीचा झोत जिथे पडतो तिथे हात धरा. हातावर वारा लागत असेल तर झाडाला तो तासन्‌तास लागतोय. झोत आर्द्रतेच्या आकड्याहूनही वाईट, कारण पानाभोवती साचलेली दमट हवा तो सारखी उडवून लावतो. पंख्याच्या बरोबर खालची जागा तशीच.

झाड झोतापासून पाच-सहा फूट बाजूला घ्या. दोन-तीन कुंड्या जवळजवळ ठेवा, एकमेकांच्या पानांतून उडणारं पाणी सगळ्यांना उपयोगी पडतं. रुंद ताटलीत खडे पसरून, खड्यांच्या पातळीच्या खाली पाणी ठेवून त्यावर कुंडी ठेवली तर थोडा फरक पडतो, मात्र कुंडीचं बूड पाण्यात बुडता कामा नये. स्प्रेचा परिणाम पाच-दहा मिनिटांत संपतो. आणि पाणी क्षाराचं असेल तर प्रत्येक फवाऱ्यानंतर पानावर आणखी क्षार वाळतात. मावशींच्या पानांवर पांढुरका थर होता, तो त्याचाच.

इथेच आणखी एक गोष्ट बघून घ्या. पांढरा कागद पातीखाली धरून झावळीवर हलकी टिचकी मारा. कागदावर पडलेले धुळीचे ठिपके चालू लागले तर तो लाल कोळी आहे, कोरड्या हवेत वाढणारी कीड. पातीवर बारीक फिके ठिपके आणि कधी जाळी दिसते. झाड बाथरूममध्ये नेऊन हँड शॉवरनं पानांच्या खालच्या बाजू नीट धुवायच्या, तीन-चार दिवसांच्या अंतरानं तीनदा. एकदा धुऊन थांबलं तर अंड्यांतून पुन्हा येतात.

मावशींचं झाड आम्ही बाल्कनीच्या सरकत्या दारापाशी हलवलं. कोळी नव्हता. स्प्रे बंद. मला वाटलं, झालं काम. तीन आठवड्यांनी नवी झावळी उघडली आणि तिची टोकं उघडतानाच तपकिरी होती. हा फार महत्त्वाचा संकेत आहे. आर्द्रता आता ५५ च्या आसपास होती, झोत नव्हता, तरी नवं पान टोकाला करपलेलंच आलं. म्हणजे खोट खालून येत होती.

दुसरी तपासणी: पाणी आणि खत (खर्च शे-दोनशे)

फ्लोराइडबद्दल आधी स्पष्ट बोलते, कारण याबाबत आपल्याकडे गोंधळ फार आहे. ‘नळाच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे पामची टोकं जळतात’ हा सल्ला मुळात अमेरिकेतला आहे. तिथे दातांसाठी शहराच्या पाण्यात फ्लोराइड मुद्दाम मिसळतात, लिटरला सुमारे ०.७ मिलिग्रॅम. भारतात महापालिका पाण्यात फ्लोराइड मिसळत नाहीत. उलट काही जिल्ह्यांत ते भूजलात जास्त असतं म्हणून काढावं लागतं. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणाचं, ठाण्याला मुख्यतः भातसा आणि उल्हास नदीकडून येणारं. हे सगळं पावसाचं, धरणात साठलेलं, मऊ पाणी. फक्त पालिकेचंच पाणी घालत असाल तर फ्लोराइडचा दोष त्या पाण्याला देऊ नका.

तरीही फ्लोराइड आणि क्षार आपल्या कुंडीत येतात, ते इतर वाटांनी. मला सापडलेल्या वाटा चार.

एक, टँकर आणि बोअरवेल. घोडबंदर पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरशिवाय भागत नाही, आणि टँकर कुठून भरून येतो हे कुणाला माहीत नसतं. महिनाभर पालिकेचं पाणी घालून ठीक असलेलं झाड एप्रिलमध्ये बिघडलं तर मी आधी वॉचमनला विचारते, टाकीत टँकर कधीपासून पडतोय.

दोन, आरओचं वाया जाणारं पाणी. पाणी फुकट जाऊ नये म्हणून आपण ते बादलीत धरतो आणि झाडांना घालतो. भावना चांगली आहे, पण शुद्ध पाणी वेगळं काढल्यावर सगळे क्षार आणि फ्लोराइड त्या उरलेल्या पाण्यातच राहतात. पालिकेच्या मऊ पाण्यावर आरओ चालत असेल तर ते उरलेलं पाणीही फार वाईट नसतं. टँकरच्या पाण्यावर चालत असेल तर मात्र ते अरेकाला अजिबात घालू नये. लादी पुसायला वापरा.

तीन, सुपर फॉस्फेट. नर्सरीत मुळांसाठी म्हणून करड्या दाण्यांचं हे खत देतात. ते फॉस्फेटच्या खडकापासून बनतं आणि त्या खडकात फ्लोराइड मुळातच असतं. टोमॅटो-जास्वंदीला त्याचा त्रास नाही. अरेका, ड्रसीना, स्पायडर प्लांट यांसारख्या फ्लोराइडला हळव्या झाडांना आहे. चार, मातीत मिसळलेलं परलाइट, ते पांढरे हलके दाणे. त्यातूनही थोडं फ्लोराइड सुटतं.

टीडीएस मीटर दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो आणि निदान अर्धं काम करतो. त्याला फ्लोराइड वेगळं ओळखता येत नाही, फक्त विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज कळतो. पण पाणी कुठलं आहे हे लगेच उघड होतं. मावशींकडे आम्ही तीन ग्लास मांडले. वाशीच्या बहिणीकडून आणलेलं पालिकेचं पाणी ८५. त्यांच्या नळाचं, म्हणजे त्या आठवड्यातलं टँकरचं, ६४०. आरओच्या बादलीतलं ९१०. आणि गेले चार महिने झाडाला फक्त बादलीतलंच पाणी मिळत होतं. शिवाय डिसेंबरात माळ्यानं मूठभर सुपर फॉस्फेट घातलं होतं, त्याचे दाणे वरच्या मातीत अजून दिसत होते.

अरेकासाठी मी २०० च्या आतलं पाणी वापरते. ३०० पर्यंत चालवून घेते. पाणी रात्रभर उघडं ठेवल्यानं क्लोरीन उडतो, फ्लोराइड आणि क्षार जात नाहीत. उकळल्यानं तर पाणी आटून ते आणखी दाट होतात.

मग पाणी आणायचं कुठून? पावसाळ्यात पागोळीचं, पहिले दोन-तीन पाऊस सोडून, कारण त्यात गच्चीची धूळ असते. उन्हाळ्यात एसीच्या पाइपचं. हवेतून काढलेलं ते पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. मावशींच्या एसीखाली बादली लावली तर दुपारभरात चार-पाच लिटर जमायचं, टीडीएस २० च्या आत. एसीची रसायनानं सफाई झाली असेल तर पुढच्या आठवड्याभराचं पाणी टाकून द्या. या पाण्यात झाडाला लागणारंही काही नसतं, त्यामुळे गांडूळखत वगैरे वेळेवर द्यावं लागतं.

आता आधी साचलेलं धुऊन काढायचं. वरची इंचभर माती खताच्या दाण्यांसकट खुरपीनं काढून टाका. कुंडी बाथरूममध्ये न्या. कुंडीच्या आकाराच्या साधारण दुप्पट पाणी लागतं, १२ इंची कुंडीला २५ लिटरच्या आसपास. ते एकदम ओतायचं नाही, तीन हप्त्यांत, मध्ये वीस-वीस मिनिटं थांबून. थांबल्यानं मातीत अडकलेले क्षार पाण्यात उतरायला वेळ मिळतो. मावशींच्या कुंडीतून खाली आलेलं पहिलं पाणी १४०० होतं, शेवटचं ३६०. पहिल्या पाण्याचा आकडा बघून मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चार महिने रोज प्रेमानं घातलेलं पाणी होतं ते. मी त्यांना म्हटलं, ‘मावशी, झाड अजून हिरवं आहे, ते महत्त्वाचं.’

धुतल्यावर पाणी पूर्ण निथळू द्या. पुढचं पाणी बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागेल तेव्हाच. बाहेरच्या शोभेच्या कुंडीत साठलेलं पाणी प्रत्येक वेळी ओतून द्या, नाहीतर निघालेले क्षार मुळं पुन्हा वर ओढतात. डोलोमाइट मिळालं तर दोन चमचे वरच्या मातीत मिसळा. माती फार आम्ल राहिली नाही की उरलेलं फ्लोराइड मुळांना कमी मिळतं.

तिसरी तपासणी: उजेड

दुपारी बारा-एकला झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. हाताची कडा रेखीव दिसणारी, गडद सावली पडली तर तिथे थेट ऊन आहे. हाताचा आकार कळतो पण कडा अस्पष्ट, तर जागा योग्य. सावलीच जाणवत नसेल तर फार अंधार आहे. जागा पश्चिमेची असेल तर हीच तपासणी चार वाजता पुन्हा करा. एप्रिल-मेमध्ये काचेतून येणारं पश्चिमेचं ऊन एका दुपारीत पाती भाजून काढतं. एक पातळ पांढरा पडदा पुरतो.

अंधाराची हानी हळू होते. झाड खालच्या झावळ्या सोडत जातं, नव्या झावळ्या लांब, विरळ, लुळ्या येतात. अंधाऱ्या जागेत पाणीही कमी लागतं. आपण मात्र सवयीनं तेवढंच घालत राहतो, माती ओली राहते, मुळं कुजतात आणि टोकं वाळतात. लोकांना ते वाळलेलं दिसतं आणि ते आणखी पाणी घालतात. अंधारी जागा बदलता येत नसेल तर निदान पाणी निम्म्यावर आणा.

नर्सरीतून नुकतंच आणलेलं झाड वेगळं. ते उन्हात वाढलेलं असतं. घरात आल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत दोन-तीन खालच्या झावळ्या जाणारच. तेवढ्यासाठी कुंडी बदलू नका, खत घालू नका. नवी सुई वर सरकतेय एवढं बघत राहा.

चौथी तपासणी: मुळं (कष्टाचं काम, म्हणून शेवटी)

हे शेवटी ठेवलंय कारण अरेकाला मुळांना हात लावलेला आवडत नाही. वर सांगितलेल्या कारणांसाठी विनाकारण कुंडी बदलली तर झाडाला दुहेरी त्रास होतो.

मुळं कोंदल्याची खूण अशी. घातलेलं पाणी काही सेकंदांत खालून बाहेर येतं आणि तरी कुंडी दुसऱ्या दिवशी हलकी, कोरडी लागते. खालच्या भोकांतून मुळं बाहेर आलेली असतात. प्लास्टिकची कुंडी दाबली तर दगडासारखी घट्ट लागते, कधी फुगलेली दिसते. अरेका थोडं दाटीत राहू शकतं, तेव्हा एकटं भोकातून डोकावणारं मूळ म्हणजे कारण नव्हे. पाणी झिरपून जाणं आणि लवकर सुकणं या दोन्ही खुणा हव्यात.

एक फसवी गोष्ट मला पुन्हा पुन्हा भेटलीय. बाहेरून मोकळी माती, आत मात्र नर्सरीतला चिकणमातीचा घट्ट गोळा. पाणी गोळ्याच्या बाजूनं वाहून जातं, आत शिरतच नाही. बोट घातलं तर ओलं लागतं, मुळं मात्र कोरडी. बांबूची काडी बुंध्याजवळ आत खुपसून बघा. चार इंचांवर अडली आणि कोरडीच बाहेर आली तर हा गोळाच आहे.

मावशींच्या झाडाला मुळांच्याही खुणा होत्या, पण मार्चमध्ये आम्ही ते केलं नाही. उन्हाळ्यात मुळं उघडी करणं झाडाला झेपत नाही. पाऊस लागल्यावर, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कुंडी बदलली. नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच मोठी, १४ इंची. फार मोठी घेतली तर न वापरलेली माती ओली राहून सडते.

कुंडी आडवी करून झाड सरकवून काढा, देठ धरून ओढू नका. चिकणमातीचा गोळा असेल तर तासभर बादलीत बुडवून ठेवा आणि पाण्यातच बोटांनी हलकेच जेवढी माती सुटेल तेवढीच सोडवा. वडाच्या बोन्सायसारखी मुळं कापायची नाहीत. पाममध्ये कापलेलं मूळ बऱ्याचदा मागे मरत जातं. काळी, मऊ, वास येणारी मुळं तेवढी कापा. आणि जास्त झाडं करायच्या मोहानं फुटवे वेगळे करू नका. एकमेकांत गुंतलेली मुळं तुटतात आणि अनेकदा दोन्ही भाग महिनोन्‌महिने रुसून बसतात.

मिश्रण मी असं करते: दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू, एक भाग कोकोपीट. कोकोपीट आधी दोनदा भिजवून पिळून घ्यायचं, कारण त्यात बऱ्याचदा मीठ असतं, आणि टीडीएस मीटर इथेही उपयोगी पडतो. परलाइट नाही, सुपर फॉस्फेट नाही. बुंधा आधी मातीत जेवढा होता तेवढाच ठेवा, खोल पुरला तर बुडाशी कुजतो. त्यानंतर दीड महिना खत नाही. एखाददुसरी खालची झावळी जाईल, जाऊ द्या.

जुनी करपलेली टोकं डोळ्यांना खुपत असतील तर कात्रीनं पातीच्या आकारात तिरकी कापा, पण तपकिरी रंगाची एक बारीक रेघ ठेवून. हिरव्यात कापलं की कापलेली कड पुन्हा वाळते.

मावशींच्या झाडाला मार्चमध्ये दोरा बांधलेली सुई मेमध्ये उघडली, तेव्हा टोकं दोन-तीन मिलिमीटर करपलेली होती, आधीच्या झावळीला पाऊण इंच. कुंडी बदलल्यावर ऑगस्टात उघडलेल्या दोन झावळ्यांची टोकं पूर्ण हिरवी होती.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

सुई तपकिरी होऊन सहज उपटली गेली, तिच्या बुडाला घाण वास आला, तर तो शेंड्याचा कुजरोग आहे. त्या बुंध्याला तोच एक वाढीचा कोंब असतो, तो गेला की तो बुंधा वाचत नाही. झाड लगेच इतर कुंड्यांपासून लांब ठेवा, वरून पाणी घालणं बंद करा आणि चांगल्या नर्सरीच्या माणसाला दाखवा. बाकीचे बुंधे धट्टेकट्टे असतील तर तो रोगट बुंधा काढून ते वाचवता येतात का हे तोच बघून सांगेल. बुरशीनाशक घरी अंदाजानं मारत बसू नका, विशेषतः बंद खोलीत आणि लहान मुलं असताना.

बुंधा जमिनीलगत दाबल्यावर मऊ लागला किंवा त्यातून चिकट द्रव येत असेल, तरी तेच करा.

झाड पाच फुटांच्या वर आणि कुंडी सोळा इंचांहून मोठी असेल तर कुंडी बदलायला दोन माणसं आणि अनुभवी माळी हवेतच. ओल्या मातीसकट ती कुंडी एकट्यानं उचलण्याजोगी नसते, आणि बाल्कनीच्या कठड्याजवळ तर हे काम मुळीच एकट्यानं करू नये.

आणि टीडीएस पाचशेच्या वर असलेलं टँकरचं किंवा बोअरचं पाणी घरातली माणसंही पीत असतील, तर झाडाचं बाजूला ठेवा. सोसायटीच्या कमिटीला सांगून ते पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि अहवालात फ्लोराइडचा आकडा स्वतंत्र मागा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात फ्लोराइडची योग्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. मावशींच्या विंगनं तो अहवाल मागवला, आणि आता टँकर आला की वॉचमन आधी मीटर बुडवतो.